विद्यार्थी म्हणून प्रथमच परदेशी जाताना: कागदपत्रे प्रश्नांच्या क्रमाने लावा

इमिग्रेशनच्या खिडकीवर प्रश्न सोपे असतात. गडबड होते ती कागद शोधताना, किंवा तो चेक-इन केलेल्या बॅगेत राहिल्यामुळे.

१. हातातील बॅगेत एकच फोल्डर ठेवून त्यात कागद प्रश्नांच्या क्रमाने लावावेत. ‘कशासाठी आलात?’ यासाठी पासपोर्ट, व्हिसा व मूळ प्रवेशपत्र. ‘खर्च कोण करणार?’ यासाठी बँकेचे किंवा शिष्यवृत्तीचे पत्र; ‘कुठे राहणार?’ यासाठी पत्ता व संपर्क क्रमांक. हा पत्ता कागदावरही लिहावा, कारण विमानतळावर मोबाईलला नेटवर्क मिळेलच असे नाही.

२. विचारले तेवढेच सांगावे. अभ्यासक्रमाचे नाव, तो सुरू होण्याची तारीख व कालावधी मात्र तोंडपाठ हवेत.

३. देशात प्रवेश केल्याची नोंद शिक्क्याने किंवा ऑनलाइन होते. त्यातील नाव, व्हिसाचा प्रकार व मुदत त्याच दिवशी तपासावी. उदाहरणार्थ, अमेरिकेत ही नोंद I-94 या नावाने संकेतस्थळावर दिसते. तेथे F-1 या विद्यार्थी व्हिसाऐवजी पर्यटक व्हिसाचा प्रकार दिसल्यास विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयास लगेच कळवावे.

४. पहिल्या आठवड्यात आधी विद्यापीठात हजेरी नोंदवून नावनोंदणीचे व पत्त्याचे पत्र मागावे. बँक खात्यासाठी बहुधा हेच पत्र लागते, त्यामुळे आधी बँकेत गेल्यास हेलपाटा पडतो.

सावधगिरी: औषधे मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत; काही औषधांवर त्या देशात बंदी असू शकते, म्हणून निघण्यापूर्वीच खात्री करावी.