एसआयआरएनए वापरताय? या चुका टाळा

नागपुरातल्या प्रयोगशाळांमध्ये विद्यार्थ्यांचे जीन सायलेन्सिंगचे, म्हणजे जीन बंद करण्याच्या प्रयोगांचे निकाल बघताना एक चूक हमखास सापडते. जीन बंद करायला वापरलेला आरएनएचा छोटा तुकडा, म्हणजे एसआयआरएनए, एकच, तोही १०० नॅनोमोलरचा, आणि त्यावरून थेट निष्कर्ष.

एका उन्हाळ्यात एक पोरगा धावतच आला. "सर, जीन बंद केला तं पेशी मरूनच राहिल्या!" क्यूपीसीआरमध्ये एमआरएनए जेमतेम पाव हिस्सा उरलेला, ४८ तासांत पेशी तळ सोडून तरंगत होत्या. पठ्ठ्याने शोधनिबंधाचं शीर्षकसुद्धा ठरवलं होतं. मी म्हटलं, थांब बाप्पा, त्याच जीनवर दुसऱ्या जागी बसणारा आणखी एक एसआयआरएनए लावून बघ. लावला. एमआरएनए तेवढाच उतरला, पेशी मात्र ठणठणीत. मग आधीच्या मेल्या कशाने?

एसआयआरएनएचा मार्गदर्शक धागा साधारण २१ अक्षरांचा असतो आणि तो आर्गोनॉट-२ या प्रथिनात बसतो. एमआरएनएशी तो पूर्ण जुळला, की धाग्याच्या १० आणि ११ क्रमांकाच्या अक्षरांसमोर एमआरएनए कापला जातो. पण नुसती २ ते ८ ही सात अक्षरं जुळली, तरी तो मायक्रोआरएनएसारखा वागू लागतो. तेव्हा कापाकापी होत नाही. प्रथिन बनणं मंदावतं, पॉली-ए शेपटी झडते आणि एमआरएनए हळूहळू नष्ट होतो. अशी सात अक्षरं शेकडो परक्या एमआरएनएंच्या शेवटच्या भागात सापडतात. मात्रा वाढवाल तितके हे परके जास्त दबतील.

आम्ही त्याच एसआयआरएनएची ९, १० आणि ११ ही तीनच अक्षरं बदलून मागवली. आता मूळ एमआरएनए शाबूत राहिला, तरी पेशी मेल्याच. म्हणजे दोष त्या सात अक्षरांचा, जीनचा नव्हे. शीर्षक गेलं.

"दोन-दोन मागवायला पैसे लागतात" असं मला कोणी सांगू नये. चुकीच्या जीनमागे वर्ष घालवणं जास्त महाग पडतं. माझ्याकडे सुरुवात ५ ते १० नॅनोमोलरने होते, किमान दोन वेगळे एसआयआरएनए आणि सोबत कशालाच न जुळणारा कंट्रोल. एसआयआरएनए पेशीत नेणारं लिपिड नुसतंच घातलेल्या पेशींना कंट्रोल म्हणायचं नाही. फार शंका असेल, तर त्याच जीनची एसआयआरएनएला न जुळणारी, पण तेच प्रथिन बनवणारी प्रत पेशीत घालावी. परिणाम पुसला गेला, तरच जीनला जबाबदार धरावं.

दुसरी चूक घाईची. २४ तासांत वेस्टर्न ब्लॉट करून "काहीच झालं नाही" म्हणणारे दर बॅचला भेटतात. एमआरएनए गेला तरी आधी बनलेलं प्रथिन आपल्या गतीनेच संपतं. ७२ तासांपर्यंत बघा, टिकाऊ प्रथिनाला त्याहूनही जास्त.

क्यूपीसीआरचे प्रायमर कापाच्या ३' बाजूला घेऊ नका. तिकडचा तुटका तुकडा काही वेळ टिकला, तर एमआरएनए शाबूत असल्यासारखा दिसतो. मी कापाची जागा मधोमध येईल असेच प्रायमर घेतो.

आणि मे महिन्यात घामेजल्या हातांनी, ग्लोव्ह्जशिवाय आरएनएच्या नळ्या उघडणाऱ्यांना मी बेंचजवळ उभं करत नाही.