ओपन-बुक बार परीक्षा: बेअर अ‍ॅक्टला टॅग लावताना या चुका टाळा

ऑल इंडिया बार एक्झाम जवळ आली की आमच्या धुळ्याच्या बार रूममध्ये नवीन सनद घेतलेली पोरं बॅगभर बेअर अ‍ॅक्ट घेऊन येतात. पुस्तकांच्या कडेला रंगीबेरंगी टॅगांची झालर असते आणि चेहऱ्यावर 'तयारी झाली' असा भाव. मी एवढंच विचारतो, "पुस्तक बंद कर, आणि एकतर्फी हुकूमनामा रद्द करायची तरतूद काढून दाखव." बहुतेकांना मिनिटभरात सापडत नाही. मेहनत भरपूर केलेली असते, पण टॅग चुकीच्या जागी लागलेले असतात. दर बॅचला त्याच चुका बघून कंटाळलोय, म्हणून इथे लिहून ठेवतो.

आधी वेळेचा हिशोब. शंभर प्रश्न, तीन-साडेतीन तास, म्हणजे एका प्रश्नाला साधारण दोन मिनिटं. त्यात प्रश्न वाचायचा, चार पर्याय वाचायचे, गोल काळा करायचा. पुस्तक उघडायला वीस-पंचवीस सेकंदांच्या वर देणं परवडत नाही. ओपन-बुक आहे म्हणून तिथे बसून कायदा वाचू, असं ज्याला वाटतं त्याचे शेवटचे पंचवीस-तीस प्रश्न अंदाजावर जातात.

जुन्या क्रमांकांचे टॅग नव्या पुस्तकात

सध्या सगळ्यात जास्त घात करणारी चूक हीच. 1 जुलै 2024 पासून आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता, सीआरपीसीच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुराव्याच्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. पोरं पुस्तकं नवी घेतात, पण टॅगांची यादी एखाद्या सीनियरच्या जुन्या संचावरून उतरवतात.

शिरपूरकडची एक मुलगी माझ्याकडे ज्युनियर म्हणून येत होती. अभ्यासू, अक्षर सुंदर, नागरिक सुरक्षा संहितेला टॅग अगदी नेटके लावलेले: 125, 144, 154, 438, 482. मी विचारलं, "नवऱ्याने टाकून दिलेल्या बाईला पोटगी कुठे?" तिने क्षणात 125 उघडलं. तिथे निघालं शिक्षा ठोठावताना शांतता राखण्यासाठी घ्यायचा जामीन. ती गोंधळली, पुढची-मागची पानं उलटू लागली. पोटगी नव्या संहितेत 144 ला आहे. तिचा टॅग 144 वरही होताच, पण तिच्या डोक्यात 144 म्हणजे जमावबंदी, म्हणून तिने तिकडे बघितलंच नाही. जमावबंदी आता 163 ला गेली आहे.

त्याहून वाईट जोडी 482 ची. जुन्या सीआरपीसीत 482 म्हणजे हायकोर्टाचे अंगभूत अधिकार. नव्या संहितेत 482 म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि अंगभूत अधिकार 528 ला. दोन्ही विषय परीक्षेत येण्यासारखे, दोन्ही पर्यायांत शेजारी शेजारी दिसू शकतात, आणि टॅग बघून तुमचा हात खात्रीने चुकीच्या उत्तरावर जातो. न सापडणं परवडलं, कारण तेव्हा निदान शोधत तरी राहता. चुकीचं सापडलं की शोधणंच थांबतं. न्याय संहितेतही तेच आहे: खुनाची शिक्षा 103 ला, आणि 302 ला आता धार्मिक भावना दुखावणारे शब्द उच्चारण्याचा गुन्हा.

माझी सवय सांगतो. फौजदारीच्या तिन्ही पुस्तकांत टॅगवर कलमाचा क्रमांक मी लिहूच देत नाही. फक्त विषय: पोटगी, एफआयआर, रिमांड, अटकपूर्व, अंगभूत. क्रमांक पानावर छापलेला असतोच, तो टॅगवर पुन्हा कशाला? प्रश्न 'पोटगी' असा येतो, '144' असा क्वचितच येतो. त्या मुलीचे सगळे टॅग सोलून काढले, एका संध्याकाळी विषयवार नव्याने लावले आणि त्यानंतर ती पुस्तकात चाचपडली नाही.

तुलनेचा तक्ता पाठ करा म्हणणारे बरेच भेटतील. कोर्टात काम करताना तो तक्ता लागतो. परीक्षेपुरतं मात्र जुना क्रमांक डोक्यातून बाजूला ठेवलेला बरा.

सीपीसीला एकाच कडेने टॅग

दिवाणी प्रक्रिया संहिता म्हणजे एका जिल्दीत दोन पुस्तकं. पुढे 158 कलमं आणि मागे पहिल्या अनुसूचीत 51 ऑर्डर, प्रत्येक ऑर्डरमध्ये पुन्हा रूल एकपासून सुरू. नवखा माणूस दोन्हींना उजव्या कडेला एकाच रंगाचे टॅग लावतो. मग '9' लिहिलेले दोन टॅग होतात: एक कलम 9, दिवाणी कोर्टाचा अधिकार, दुसरा ऑर्डर 9, पक्षकारांची हजेरी-गैरहजेरी. घाईत कुठला उघडला जाईल ते सांगता येत नाही.

मी कलमांचे टॅग वरच्या कडेला आणि ऑर्डरचे उजव्या कडेला लावतो. हाताला जागेवरूनच कळतं की आपण कुठल्या भागात आहोत. दुसरं, ऑर्डरचे आकडे पुस्तकात रोमन असतात. XXIX, XXXIV आणि XXXIX हे तीन आकडे धावत्या नजरेला सारखेच दिसतात, आणि मनाई हुकूम शोधणारा माणूस गहाणाच्या दाव्यांत जाऊन पडतो. टॅगवर साधा आकडा लिहा: 39, मनाई. इथे क्रमांक मी मुद्दाम ठेवतो, कारण सीपीसीत प्रश्नच 'ऑर्डर 7 रूल 11 कशाबद्दल आहे' अशा भाषेत येऊ शकतो.

आता वर विचारलेला प्रश्न सोडवून बघू. एकतर्फी हुकूमनामा रद्द करायचा अर्ज, किती दिवसांत? उजव्या कडेचा '9, हजेरी' टॅग धरला, त्यात रूल 13 सापडला: समन्स नीट बजावलं गेलं नव्हतं किंवा हजर न राहण्यास पुरेसं कारण होतं, तर हुकूमनामा रद्द होतो. पण दिवस तिथे लिहिलेलेच नाहीत. इथे पोरं अडकतात आणि रूल 13 ची स्पष्टीकरणं दोन-दोनदा वाचत बसतात. दिवस आहेत मुदत कायद्याच्या अनुसूचीत, अनुच्छेद 123: हुकूमनाम्याच्या तारखेपासून तीस दिवस, आणि समन्स नीट बजावलेलं नसेल तर हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून तीस दिवस. म्हणून मुदत कायद्याच्या पुस्तकात पहिल्या पानाला टॅग लावू नका, अनुसूचीला लावा. 'किती दिवस' असा दिवाणी प्रश्न दिसला की हात थेट तिकडे जायला हवा. अपिलाच्या मुदतीही तिथेच आहेत, अनुच्छेद 116 ला: हायकोर्टात नव्वद दिवस, इतर कोर्टात तीस.

अनुसूचीला टॅगच नाही

फौजदारीतही हेच होतं. 'हा गुन्हा जामीनपात्र आहे का, कोणतं कोर्ट चालवील' याचं उत्तर पोरं न्याय संहितेत शोधतात, कारण गुन्हा तिथे आहे. उत्तर असतं नागरिक सुरक्षा संहितेच्या शेवटी, 531 व्या कलमानंतरच्या पहिल्या अनुसूचीत. तिथला तक्ता न्याय संहितेच्या कलमांच्या क्रमानेच जातो, म्हणून आधी गुन्ह्याचं कलम काढायचं आणि मग तक्त्यात तो क्रमांक गाठायचा. चोरी घ्या: न्याय संहितेत 303. तक्त्यात 303(2) समोर साधी चोरी दखलपात्र, अजामीनपात्र. पण त्याच्याच खाली दुसरी ओळ आहे: पाच हजारांहून कमी किमतीचा माल, पहिलाच गुन्हा, माल किंवा किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवा, आणि तो अदखलपात्र, जामीनपात्र. पहिली ओळ वाचून पान मिटणारा इथे चुकतो. या तक्त्याला मी सगळ्यात मोठा आणि वेगळ्या रंगाचा टॅग लावतो.

प्रत्येक कलमाला टॅग

पुस्तकाला पन्नास टॅग लावले की टॅगांमधूनच टॅग शोधावा लागतो. मोठ्या पुस्तकाला पंधरा-वीस, छोट्याला तीन-चार पुरतात. शिवाय प्रत्येक पुस्तकाच्या कलमसूचीला एकाच रंगाचा एक टॅग हवाच, कारण जिथे टॅग नाही तिथे सूचीच वाट दाखवते. लावून झाले की मित्राला प्रश्न विचारायला बसवा. दोन-तीन बैठकांत ज्या टॅगला हात लागला नाही, तो काढून टाका. काढताना जीव तुटतो, माहीत आहे, तरी काढा.

टॅगवर नोट्स

परीक्षेत बेअर अ‍ॅक्ट चालतात ते नोट्स आणि टीका नसलेले. टॅगवर 'रिमांड 60/90 दिवस' असं लिहिलं की ती नोट झाली. ओळखीतल्या एकाचं पुस्तक दारातच काढून घेतलं गेलं, आणि आत त्याला फौजदारीचे सगळे प्रश्न आठवणीवर सोडवावे लागले. टॅगवर विषयाचं नाव चालेल की कोरेच टॅग हवेत, हे त्या त्या वेळच्या हॉलतिकिटावरच्या सूचना वाचून ठरवा. शंका असेल तर कोरे रंगीत लावा. विषयवार रंग आणि जागा ठरलेली असली की तेवढ्यावरही भागतं. सीनियरची जुनी प्रत घेतली असेल तर समासातल्या पेन्सिलच्या खुणा एक एक पान बघून खोडा.

बाकीचं थोडक्यात

कागदी चिकट चिठ्ठ्या लावू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, भुसावळच्या प्लॅटफॉर्मवर तासभर बॅग ठेवली तरी त्यांचा डिंक सुटतो आणि टॅग बॅगेच्या तळाशी सापडतात. प्लास्टिकचे घ्या आणि मुळाशी पारदर्शक टेप मारा.

तिन्ही फौजदारी कायदे एकाच जाड जिल्दीत घेतले असतील तर दोन कायद्यांच्या मध्ये पुठ्ठ्याचा कोरा तुकडा घाला. नाहीतर साक्ष्य अधिनियमाचं 63 शोधताना न्याय संहितेचं 63 उघडतं.

एकोणीस विषयांची पुस्तकं सगळी नेऊ नका. बाकावर मावत नाहीत. राज्यघटना, सीपीसी आणि नागरिक सुरक्षा संहिता यांना आजवर साधारण दहा-दहा गुण असतात. कंपनी, सायबर, पर्यावरण, भूसंपादन यांना दोन-दोन. या लहान विषयांची पुस्तकं घरी वाचून घ्या आणि बाकावर जागा मोठ्यांना द्या.

परीक्षेच्या आदल्या रात्री लॉजवर बसून नवीन टॅग लावू नका. बॅचमधल्या कुणाचा तरी संच बघून हात शिवशिवतात आणि ठरलेली जागा बिघडते. हाताला सवय जुन्या मांडणीची झालेली असते. पुस्तकं ज्या क्रमाने बाकावर ठेवणार त्याच क्रमाने बॅगेत भरा आणि चेन लावून टाका.