‘जानेवारी ते जून’ डेक समस्या–उपाय–निकाल अशा क्रमात कसा लावावा

दर महिन्याच्या आढाव्याच्या स्लाइड एकापुढे एक चिकटवत गेलं की डेक आपोआप तारखेनुसार तयार होतो. गोदामातून माल उशिरा निघण्यावरचा माझा डेक असाच २२ स्लाइडचा झाला होता. किक-ऑफ, व्हेंडरच्या बैठका, पायलट, आणि निकाल थेट १९ व्या स्लाइडवर. सहाव्या स्लाइडलाच साहेबांनी विचारलं, “मग शेवटी झालं काय?”

आधी फाइलची कॉपी करा. मग PowerPoint मध्ये `View` > `Slide Sorter` उघडा आणि काहीही हलवण्याआधी निकालाची स्लाइड शोधा. ती ज्या प्रश्नाचं उत्तर आहे, तो प्रश्न म्हणजे तुमची समस्या. किक-ऑफच्या स्लाइडवरच्या ‘उद्दिष्टा’वर विसंबू नका. माझ्याकडे तिथे ‘गोदामाचं डिजिटायझेशन’ होतं. खरी समस्या सातव्या स्लाइडच्या कोपऱ्यात सापडली: ऑर्डर आल्यापासून ट्रक सुटेपर्यंत सरासरी २६ तास.

आता समस्या आणि निकाल शेजारी ठेवा. माझी पंचाईत इथेच झाली. निकालात लिहिलं होतं, ‘उशिराच्या तक्रारी आठवड्याला ४० वरून १२’. मग तासांचं काय? मध्ये अकरा स्लाइड असताना हे कुणालाच खटकलं नव्हतं. शेवटी जूनच्या गेट रजिस्टरमधून वेळा काढल्या. सरासरी ११ तास आली. सुरुवातीचं मोजमाप एका आठवड्याचं होतं, म्हणून जूनचाही एकच आठवडा घेतला. अशी जुळणी होत नसेल तर ज्याचा आधीचा आणि नंतरचा आकडा हाताशी आहे, त्याच भाषेत समस्या मांडा.

मग स्लाइडवर राइट-क्लिक करून `Add Section` ने चार कप्पे करा: समस्या, उपाय, निकाल, परिशिष्ट. बैठका, वेळापत्रक, टीमचा तक्ता सरळ परिशिष्टात. फसलेल्या प्रयोगाचं मात्र बघून ठरवा. आम्ही आधी माणसं वाढवली होती, फरक पडला नाही. वेळ माल शोधण्यात जात होता. त्यामुळे रॅकवर क्रमांक टाकण्याचा उपाय का निवडला हे कळतं, म्हणून ती एक स्लाइड ‘उपाय’च्या तोंडाशी ठेवली. व्हेंडर बदलल्याची कहाणी मात्र परिशिष्टात गेली, मला कितीही प्रिय असली तरी.

स्लाइड हलवल्या की टाके उसवतात. ‘मागच्या स्लाइडवर पाहिल्याप्रमाणे’ सारखी वाक्यं शोधून काढा. `Morph` ट्रान्झिशन आधीच्या स्लाइडवर अवलंबून असतं, त्यामुळे तेही तपासा. मग `Outline View` मध्ये फक्त शीर्षकं वाचा. ‘पायलट: मार्च’ यातून काहीच कळत नाही, ‘रॅकला क्रमांक दिल्यावर माल शोधण्याचा वेळ घटला’ यातून कळतं.

काम का लांबलं याचीच चौकशी असेल, तर मात्र जुना तारखेचा डेकच न्या. तिथे क्रम हाच पुरावा असतो.