मोठ्या अपघातानंतर गाडी दुरुस्त करावी की सोडावी? हिशेब असा मांडा

मोठी धडक बसली, माणसं सुखरूप आहेत, गाडी टो करून गॅरेजला नेली आहे. आता गॅरेजवाला आणि विम्याचा सर्वेअर दोघंही एकाच आकड्यावर बोलतील, तो म्हणजे दुरुस्तीचा खर्च. पण तुमचं नुकसान तेवढंच नाही. दुरुस्त झालेली गाडी पुढे विकायला काढाल, तेव्हा समोरचा ‘ठोकलेली आहे’ म्हणून भाव पाडणार. ही घट नेहमीची पॉलिसी भरून देत नाही, कारण अप्रत्यक्ष नुकसान आणि घसारा तिने आधीच वगळलेले असतात. ‘माझं झिरो डेप आहे, घसारा कापणार नाहीत’ म्हणून निर्धास्त राहू नका. त्यातला घसारा बदललेल्या सुट्या भागांचा असतो, गाडीच्या बाजारभावाचा नाही.

गॅरेजच्या कागदावर सही करण्याआधी हे काम क्रमाने करा.

पहिली पायरी: काय वाकलं आहे ते पाहा

बाजारभाव किती पडेल हे बिलाच्या रकमेपेक्षा मार कुठे बसला यावर ठरतं. बंपर, बॉनेट, फेंडर, दरवाजा, हेडलाइट हे भाग बोल्टवर बसतात. ते बदलले तर भाव थोडाच उतरतो. एप्रन, पिलर, चेसिसचे पुढचे दांडे, फ्लोअर हे मात्र वेल्डिंगने जोडलेले असतात. ते कापून नवे लावले किंवा ओढून सरळ केले, की जुन्या गाड्यांचा जाणकार ते हमखास ओळखतो. कारखान्यातले स्पॉट वेल्डचे ठिपके नीट एका ओळीत, सारख्या अंतरावर असतात. गॅरेजमधल्या कामात ते तसे उतरत नाहीत आणि सांध्यावरचं सीलंटही वेगळं दिसतं. रंगाची जाडी मोजणारं यंत्र पुटी कुठे भरली आहे ते लगेच दाखवतं. एअरबॅग उघडल्या असतील, तर भाव आणखी घसरतो.

म्हणून गॅरेजवाल्याला नेमकं विचारा: कोणता भाग कापावा लागेल? चेसिस बेंचवर लावून मोजमाप घेणार का? उत्तर लेखी घ्या आणि भाग उघडल्यावरचे फोटो स्वतः काढून ठेवा.

दुसरी पायरी: दोन भाव काढा

पहिला, तुमच्याच मॉडेलच्या, वर्षाच्या आणि तेवढ्याच किलोमीटरच्या न ठोकलेल्या गाडीचा. दुसरा, दुरुस्तीनंतरचा. जुन्या गाड्यांच्या दोन-तीन व्यापाऱ्यांना फोन करून खरं ते सांगा: ‘पुढचा एप्रन बदललेला आहे, एअरबॅग नव्या बसवल्या आहेत, बिलं आहेत. किती द्याल?’ काही जण घेणारच नाहीत. तेही उत्तरच आहे. जाहिरातीतल्या किमती धरू नका, त्या विकणाऱ्याच्या अपेक्षा असतात.

समजा, पुण्यातली साडेतीन वर्षांची एक हॅचबॅक आहे. न ठोकलेली असती तर साडेसहा लाखांना गेली असती, दुरुस्तीनंतर साडेचारला जाईल. दोन लाख इथेच गेले.

तिसरी पायरी: बिलातला तुमचा वाटा काढा

साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, बॅटरी आणि एअरबॅगवर ५० टक्के कापले जातात. धातूच्या भागांवर वयाप्रमाणे कपात होते, तीन ते चार वर्षांच्या गाडीला २५ टक्के. काचेवर काहीच कापत नाहीत. रंगकामाचं एकत्र बिल असेल, तर त्याचा चौथा हिस्सा रंगाचा माल धरतात आणि तेवढ्यावर निम्मी कपात करतात.

आपल्या गाडीचं बिल ४,२०,००० धरू. धातू १,६०,००० (कपात ४०,०००), प्लास्टिक आणि एअरबॅग १,४०,००० (कपात ७०,०००), काच २०,०००, मजुरी ७०,०००, रंगकाम ३०,००० (कपात ३,७५०). १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे १,००० आणखी वजा होतात. म्हणजे तुमच्या खिशातून १,१४,७५०.

साडेचार लाखांच्या गाडीतून खिशातले हे पैसे वजा केले, तर हातात खरं मूल्य राहतं ३,३५,२५०. झिरो डेप असेल तर हा खर्च बहुतेक वाचतो, पण ते दोन लाख काही परत येत नाहीत.

चौथी पायरी: ७५ टक्क्यांची रेष तपासा

गाडी उचलून आणण्याचा आणि दुरुस्तीचा एकूण खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत लिहिलेल्या किमतीच्या, ७५ टक्क्यांपुढे गेला की प्रमाणित पॉलिसीत गाडी टोटल लॉस धरतात, म्हणजे दुरुस्तीऐवजी आयडीव्हीची रक्कम देतात. लक्षात घ्या, तुलना आयडीव्हीशी होते, बाजारभावाशी नाही. आपल्या गाडीचा आयडीव्ही ६,००,००० असेल तर रेष ४,५०,०००वर आहे. बिल ४,२०,०००. कंपनीच्या दृष्टीने गाडी दुरुस्त होण्यासारखी आहे.

रेषेपलीकडे गेली असती तर १,००० वजा जाऊन ५,९९,००० हातात आले असते. इकडे ३,३५,२५०, तिकडे ५,९९,०००. तीस हजारांच्या अंतराने अडीच लाखांहून अधिक फरक पडतो. माझ्या मते सगळ्यात जास्त लक्ष द्यावं ते इथेच.

पहिलं एस्टिमेट वरून दिसतं तेवढ्याचंच असतं. गाडी खोलल्यावर सबफ्रेम वाकलेली, स्टिअरिंग रॅक गेलेली, वायरिंग हार्नेस तुटलेली किंवा गिअरबॉक्सचं कवच तडकलेलं सापडतं आणि पुरवणी एस्टिमेट निघतं. म्हणून रेषेच्या आसपास असाल तर आधी गाडी पूर्ण खोलायला लावा, सर्वेअरला पुन्हा बोलवा आणि तोवर एकही पार्ट मागवू देऊ नका. पार्ट आले आणि कापाकापी सुरू झाली, की मागे फिरणं अवघड. या हॅचबॅकमध्ये ४५,००० रुपयांचं काम आणखी निघालं तर बिल ४,६५,००० होऊन ती टोटल लॉसमध्ये जाते. खोटं नुकसान दाखवून बिल फुगवायला कुणी सुचवलं तर नाही म्हणा. तो सरळ फसवणुकीचा गुन्हा आहे आणि त्यात क्लेमच जाऊ शकतो.

प्रीमियम वाचवायला आयडीव्ही पाच लाख लावला असेल, तर रेष ३,७५,०००वर येते. हीच गाडी सहज टोटल लॉस होईल, पण हातात पाचच लाखांच्या आसपास पडतील.

पाचवी पायरी: न दुरुस्त करता विकण्याचा भाव विचारा

रेषेच्या अलीकडेच राहिलात तरी दुरुस्ती हा एकच मार्ग नाही. काही कंपन्या दुरुस्ती न करता रोख तडजोड करतात. त्यात जीएसटी आणि काही मजुरी सहसा कापतात. समजा २,५०,००० मिळाले आणि भंगारगाडी घेणाऱ्याने १,८०,००० दिले, तर ४,३०,००० होतात. दुरुस्तीच्या ३,३५,२५०पेक्षा हे बरं. कंपनी यासाठी बांधील नाही, म्हणून लेखी विचारणा करा आणि उरलेल्या पॉलिसीचं काय होईल तेही लिहून घ्या.

गाडी आणखी सात-आठ वर्षं वापरायचीच असेल तर हिशेब बदलतो. जुनी होत जाईल तशी ठोकलेली आणि न ठोकलेली यांच्या भावातली रुपयांची दरी कमी होते. तरीही चेसिसचं मोजमाप नीट जुळलं नसेल, तर ती गाडी ठेवू नका.

चूक समोरच्या गाडीची असेल तर मालमत्तेच्या नुकसानीचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करता येतो. भाव घटल्याचा मुद्दा तिथे मांडायचा तर स्वतंत्र मूल्यांकनाचा अहवाल, जुने फोटो आणि व्यापाऱ्यांचे लेखी भाव लागतील. विम्यातून मिळालेले दुरुस्तीचे पैसे पुन्हा मागता येत नाहीत.

गाडी कायमची निकामी झाली असेल तर तसं आरटीओला १४ दिवसांत कळवायचं असतं. भंगारवाल्याला देत असाल तर आरसी रद्द झाल्याचा किंवा नावावरून उतरल्याचा कागद हाती येईपर्यंत मूळ आरसी नुसत्या विश्वासावर सोडू नका. तुमच्या नावावरची नंबरप्लेट दुसऱ्याच गाडीवर फिरू लागली, तर पोलिसांचा पहिला फोन तुम्हालाच येईल.