भाडं, वीजबिल, किराणा: फ्लॅटमेटमध्ये हिशोब करताना या चुका टाळा

बिल आलं की भागिले तीन, ही पद्धत सोपी आहे आणि तिघांचं राहणं अगदी सारखं असेल तर योग्यही आहे. पण एकाच्या खोलीत एसी आणि बाकी दोघं एका खोलीत पंख्यावर, अशी मांडणी असली की दोन-तीन बिलांतच कुरबुर सुरू होते. त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. प्रत्येक खर्चात दोन भाग असतात: घरात राहतो म्हणून लागणारा आणि वापरतो म्हणून लागणारा. हे दोन्ही एकाच मापाने मोजले की कुणावर तरी अन्याय होतो.

पुढची आकडेमोड समजायला सोपी जावी म्हणून एकच घर धरू. दोन बेडरूम, तीन जण. अ मोठ्या खोलीत एकटा आणि तिथे एसी. ब आणि क लहान खोलीत, तिथे एसी नाही. सगळे आकडे फक्त उदाहरणापुरते आहेत.

चूक: भाडं डोक्यांवर किंवा खोल्यांवर वाटणं

भाडं ३०,००० धरा. डोक्यांवर वाटलं तर प्रत्येकी १०,०००, म्हणजे ब आणि क मिळून अच्या ऐसपैस खोलीचे पैसे भरतात. खोल्यांवर वाटलं तर अ १५,००० आणि ब-क ७,५०० प्रत्येकी. आता अ तक्रार करेल आणि त्याचंही बरोबर असेल, कारण हॉल, स्वयंपाकघर तिघंही वापरतात आणि त्यातला अर्धा भार तो एकटा उचलतो.

मध्यम मार्ग म्हणजे टेप घेऊन घर मोजणं. समजा एकूण जागा ६०० चौरस फूट निघाली. सामाईक ३००, मोठी खोली तिच्या बाथरूमसह १८०, लहान खोली १२०. म्हणजे चौरस फुटाला ५० पडले. सामाईक जागेचे १५,००० तिघांत, म्हणजे प्रत्येकी ५,०००. मोठ्या खोलीचे ९,००० एकट्या अचे, लहान खोलीचे ६,००० ब आणि कमध्ये. अ १४,०००, ब आणि क ८,००० प्रत्येकी.

मोजमापात न येणाऱ्या गोष्टीही असतात: उजेड, बाल्कनी, रस्त्याचा गोंगाट. त्यासाठी एक चाचणी पुरते. ठरलेल्या रकमांवर अदलाबदल करायला कोण तयार आहे, हे सगळ्यांना विचारा. तिघांनाही मोठीच खोली हवी असेल तर तिचं भाडं कमी लागलंय. कुणालाच नको असेल तर जास्त. पाचशे-पाचशेने सरकवत गेलात की एका टप्प्यावर प्रत्येक जण आपल्या खोलीत खूश असतो. हे घरात शिरण्याआधी करायचं. एकदा सामान लावलं की मोकळेपणाने उत्तर मिळत नाही.

चूक: एसीचे युनिट अंदाजाने धरणं

खरी भांडणं विजेवरून होतात. एसीवर लिहिलेले वॅट गुणिले तास, हा हिशोब बहुतेक वेळा फुगलेला येतो. १,५०० वॅटचा एसी आठ तास चालला तर कागदावर १२ युनिट होतात, पण खोली थंड झाल्यावर कॉम्प्रेसर थांबतो किंवा इन्व्हर्टर एसी असेल तर मंद होतो, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी लागतात. उलट दार-खिडकी नीट बंद होत नसेल तर तोच एसी जास्त खातो. म्हणून अंदाज नको, मोजा.

सॉकेटमध्ये लावायचा ऊर्जामीटर मिळतो. एसीसाठी तो १६ अँपिअरचाच हवा. १० अँपिअरचा लावला तर तापतो आणि वितळूही शकतो. मीटर लावणं शक्य नसेल तर घराच्या मुख्य मीटरचा फोटो रात्री झोपताना आणि सकाळी काढा, एक रात्र एसी लावून आणि हवामान साधारण सारखं असताना एक रात्र न लावता. फ्रिज आणि पंखे दोन्ही रात्री चालूच असतात, त्यामुळे दोन रात्रींतला फरक जवळजवळ पूर्ण एसीचा. दोन-तीन जोड्यांची सरासरी काढली की एका रात्रीचा भरवशाचा आकडा मिळतो.

चूक: स्लॅब विसरणं

एसीचे युनिट कळले म्हणजे संपलं नाही. जिथे वापर वाढला की दर वाढतो, तिथे एसीमुळे सगळं घर वरच्या स्लॅबमध्ये जातं.

समजा पहिले १०० युनिट ४ दराने, पुढचे २०० युनिट ८ ने आणि ३०० च्या वर ११ ने. एकूण वापर ४२०, त्यातले १८० एसीचे. वापराचे ३,३२० आणि स्थिर आकार १८०, एकूण ३,५००. एसी नसता तर २४० युनिटचे १,५२० झाले असते. म्हणजे एसीने भर घातली १,८०० ची. सरासरी दराने मोजलं असतं तर त्याच १८० युनिटचे सुमारे १,४२३ आले असते.

एसी एकाचाच आणि त्याच्या मर्जीचा असेल तर आम्ही भर पडलेली रक्कम धरू. अकडून आधी १,८००, मग उरलेले १,७०० तिघांत. अ सुमारे २,३६६, ब आणि क ५६७ प्रत्येकी. सरसकट वाटणीत ब आणि कला ११६७ च्या आसपास भरावे लागले असते. मात्र दोन खोल्यांत एसी असतील तर ही पद्धत वापरू नका. दोघांची ‘भर’ वेगवेगळी काढून बेरीज केली की ती खऱ्या रकमेशी जुळत नाही. तिथे सरासरी दरच बरा. कुठली पद्धत ते उन्हाळ्याआधी ठरवा, बिल हातात आल्यावर नाही.

बिलावरच्या तारखाही बघा. ते कॅलेंडरच्या महिन्याचं नसतं, दोन रीडिंगमधल्या काळाचं असतं. कुणी मधेच घर सोडत असेल तर त्या दिवशी मीटरचा फोटो काढून ठेवा. रीडिंग न घेता सरासरीने आलेलं बिल असेल तर पुढच्या बिलात दुरुस्ती होते, तेव्हा सोडून गेलेल्याचा हिशोब तोवर उघडा ठेवावा लागतो. उशिराचा दंड मात्र ज्याने बिल थकवलं त्याचा. तो सामाईक खात्यात घालायचा नाही.

चूक: सुट्टीवर गेलेल्याची सगळ्यातून सूट

क पंधरा दिवस घरी नव्हता म्हणून भाड्यात आणि इंटरनेटमध्ये सूट मागतो. ती देऊ नका, ते खर्च त्याच्या नसण्याने कमी झालेले नाहीत. किराण्यात मात्र सूट बनते, आणि त्यासाठी माणूस-दिवस मोजावेत. अ आणि ब ३० दिवस, क १५, एकूण ७५. किराणा ६,००० झाला तर दिवसाला ८०, म्हणजे अ आणि ब २,४०० प्रत्येकी, क १,२००. पाहुणा दोन रात्रींहून जास्त राहिला तर त्याचे दिवस यजमानाच्या नावावर. दोन-चार दिवसांच्या गैरहजेरीसाठी हे करू नका, वहीतली कटकट वाचलेल्या पैशांपेक्षा मोठी होते.

किराण्याच्या पावतीवर शाम्पू आणि तुमचा खास चहा निघाला तर काँट्री काढण्याआधीच ते खोडा. सामाईक काय, याची यादी फ्रिजवर लावून ठेवली की हा वाद दुकानातच मिटतो.