पेशंट गेल्यावर घरच्यांना पत्र लिहिताना या चुका टाळा

आयसीयूत पेशंट गेला की नंतर घरच्यांना दोन ओळी लिहाव्यात असं बऱ्याच डॉक्टरांना वाटतं, वाटायलाच हवं, पण पत्र कसंही लिहून चालत नाही. फ्रान्समधल्या २२ आयसीयूंत यावर अभ्यास झाला, २०१७ मध्ये छापून आला. मृत्यूनंतर साधारण १५ दिवसांनी नातेवाईकांना हाताने लिहिलेलं पत्र पाठवलं, तर त्यांचं दुःख काही कमी झालं नाही, उलट ६ महिन्यांनी पत्र मिळालेल्यांमध्ये डिप्रेशनची लक्षणं जास्त दिसली. म्हणून नुसता चांगला हेतू पुरत नाही, त्या पत्राने आयसीयूतले दिवस परत अंगावर येऊ शकतात.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. समजा सत्तरीचे आजोबा न्यूमोनियाने गेले आणि डॉक्टर लिहितात, "सेप्टिक शॉक होता, व्हेंटिलेटर लावला, बीपी वाढवायची औषधं दिली, सर्व प्रयत्न करूनही वाचवू शकलो नाही." ही तर केसपेपरची नक्कल झाली, आणि 'सर्व प्रयत्न' म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं डॉक्टर स्वतःची बाजू मांडतोय. त्याऐवजी असं लिहा: "काका गेल्याचं मला फार वाईट वाटतं. शुद्धीत होते तेव्हा रोज सकाळी नातवाच्या परीक्षेचं विचारायचे. तुम्ही त्यांचा हात धरून बसायचात, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलंय." एवढं पुरे. पण हे खरं घडलेलं पाहिजे, आठवत नसेल तर नर्सला विचारा, कारण बऱ्याचदा त्यांनाच माहीत असतं, आणि तरीही काही मिळालं नाही तर साधं दोन ओळींचं लिहा, मनाने रचू नका.

दुसरं, "लवकर आणलं असतं तर" हा विचार घरच्यांच्या डोक्यात फिरतच असतो. त्यांनी खरंच वेळेत आणलं असेल तर ते स्पष्ट लिहा, त्याने मोठा भार हलका होतो. उशीर झाला असेल तर पत्रात तो विषयच नको, खोटा दिलासाही नको. "देवाची इच्छा", "सुटले बिचारे" हे नातेवाईकांनी म्हणायचं, डॉक्टरने नाही.

पाकीट नक्की तपासा! हॉस्पिटलच्या रेकॉर्डमधून लेबल छापलं की काकूंच्या नावामागे अजून 'सौ.' राहतं, कधी कधी तर गेलेल्या माणसाच्याच नावाने पत्र जातं. बिलाच्या किंवा फाइलच्या पाकिटात तर अजिबात घालू नका. तेरावं झालं, घरातली गर्दी ओसरली की पोचेल असं पाठवा. आजाराचं निदान पत्रात लिहू नका, कारण पत्र घरात कोण उघडेल सांगता येत नाही आणि एचआयव्हीसारखी गोष्ट पेशंटने घरीही सांगितलेली नसू शकते.

शेवटी "काही लागलं तर कळवा" एवढंच लिहिलं तर कोणी फोन करत नाही. कोणत्या वारी, किती वाजता, कोणत्या नंबरवर तुम्ही स्वतः भेटाल ते लिहा. आणि उपचारांबद्दल घरच्यांची तक्रार असेल, तर आधी समोर बसून त्यांचं सगळं ऐकून घ्या, पत्र नंतर.