उकाड्याचा अर्ज: आकडे लिहा, तक्रार नको

‘फार गरम होतं’ असं लिहिलेला अर्ज सुपरवायझर वाचून बाजूला ठेवतो. त्याऐवजी दोन-तीन दिवस मशीनजवळ साधा थर्मामीटर टांगा, भट्टीच्या थेट झळेपासून जरा बाजूला, आणि वेळेसह नोंद ठेवा. जमल्यास आर्द्रताही लिहा. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून तेच तापमान जास्त बाधतं.

मग अर्ज असा:

‘साहेब, भट्टीशेजारच्या लाइनवर सोमवार ते बुधवार दुपारी २ वाजता ३९ ते ४१ अंश तापमान होतं. मंगळवारी दोघांना चक्कर आली, एकाच्या पायात गोळे आले. पाण्याची टाकी दूर आहे, लाइन सोडून जाता येत नाही. कृपया गार पाण्याचा जार लाइनजवळ ठेवावा, दर २० मिनिटांनी पेलाभर पाणी पिऊ द्यावं आणि दुपारी १२ ते ४ दर तासाला १० मिनिटं पंख्याच्या खोलीत बसू द्यावं. लाइन बंद पडू नये म्हणून आम्ही आळीपाळीने जाऊ.’

शेवटचं वाक्य गाळू नका. सुपरवायझरची पहिली हरकत उत्पादनाचीच असते. चार-पाच जणांच्या सह्या घ्या, एकट्याचा अर्ज ‘याचीच कुरकुर’ ठरतो. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. तो सही देत नसेल तर अर्जाचा फोटो त्यालाच मेसेजवर पाठवा.

मात्र कुणी असंबद्ध बोलू लागला किंवा कोसळला तर अर्ज राहू द्या. त्याला सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, ॲम्ब्युलन्स बोलवा.